तीन शिफ्ट, एकवीस दिवस

आमच्या शिरूरला रेल्वे नाही. पुणे-नगर रस्ता, एसटी स्टँड, घोड नदीचा पूल, आणि पुलापलीकडे नगर जिल्हा. दौंडला मात्र रेल्वेच रेल्वे आहे. सोलापूरकडे जाणारी लाईन तिथूनच आणि मनमाडकडे जाणारीही. दोन्ही पुणे जिल्ह्यातलीच तालुक्याची गावं, मधे पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर. तरी लहानपणी मला दौंड फार लांबचं वाटायचं, कारण तिथं आमचं कुणी नव्हतं. आता आहे. म्हणजे, असावं असं वाटतंय. हे 'वाटतंय' कशावरून ठरवलं, याचा हा हिशेब.

सुरुवात त्याच्यापासून नाही, त्याच्या आधीच्या माणसापासून करावी लागेल.

मी खराडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तिथल्याच दुसऱ्या टीममधला एक मुलगा. बोलायला इतका छान की त्याचे मेसेज मी मैत्रिणींना वाचून दाखवायचे. रात्री बारा वाजता सुरू झालेलं बोलणं तीन-तीन वाजेपर्यंत चालायचं. मग चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी असा काही मेसेज यायचा की ते चार दिवस मी विसरून जायचे. तीन महिन्यांनी ते आपोआप थांबलं. भांडणही झालं नाही. नंतर एका रविवारी मी आमचं सगळं चॅट वर सरकवून वाचलं आणि त्यातले फक्त 'भेटू' असलेले मेसेज मोजले. त्यानं चौदा वेळा भेटायचं म्हटलं होतं. भेटलो चार वेळा. चारही वेळा बेत त्याच दिवशी रात्री आठनंतर ठरला होता आणि जागा त्याच्या फ्लॅटच्या जवळची होती. उरलेल्या दहांपैकी एकदाही त्यानं वेळ होऊन जायच्या आधी 'जमत नाही' असं कळवलं नव्हतं.

हे सगळं माझ्या फोनमध्येच होतं. मी ते वाचलंही होतं. मोजलं मात्र नव्हतं.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग मी कॉलेजात कुठंतरी वाचले होते. कबुतरानं बटणावर चोच मारली की दाणा मिळतो. दर वेळी मिळत असेल आणि मग बंद केला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण कधी पाचव्या टोचीला, कधी पन्नासाव्या टोचीला असा बेभरवशाचा दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचतच राहतं. चार्ल्स फर्स्टरबरोबर स्किनरनं यावर 1957 साली एक जाडजूड पुस्तक काढलं. मला त्यातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली होती, आणि त्या रविवारी ती लागू पडली. आपण एखाद्यात जास्त गुंतलोय यावरून तो माणूस गंभीर आहे असा अंदाज आपण बांधतो. पण बेभरवशाचा माणूसच जास्त गुंतवतो. माझी ओढ हा त्याच्याविषयीचा पुरावा नव्हताच, तो माझ्या टोचण्याचा आकडा होता.

दुसरा मुलगा मला न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात भेटला, मैत्रिणीच्या लग्नात. तो नवरदेवाचा मित्र. दौंडजवळच्या एका गावचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटीला लागलेला, कारेगावात दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. घरी ऊस, एक भाऊ, आईवडील. पंगतीत वाढताना त्यानं मला दोनदा 'मॅडम' म्हटलं आणि मी दोनदा हसले. आठवड्यानं त्यानं मैत्रिणीला विचारून, तिनं मला विचारून, मग नंबर घेतला. हे मी तेव्हा नोंदवलं नाही, पण नोंदवायला हवं होतं.

पहिला आठवडा रोज संध्याकाळी बोलणं झालं. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी चिडीचूप. सकाळी साडेदहाला, मी मीटिंगमध्ये असताना, 'काय करताय' असा मेसेज. मी रात्री उत्तर द्यायचे, त्यावर उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसऱ्या आठवड्यात दुपारी तीनपर्यंत काहीच नाही. मला वाटलं, हा आणखी एक. मैत्रिणीला म्हटलंसुद्धा, "टाइमपास आहे गं." ती म्हणाली, "त्याची नाईट असेल की."

तोपर्यंत मी त्याच्या शिफ्टचा विचारच केला नव्हता. माझं ऑफिस सकाळी दहाला सुरू होतं आणि माझ्या डोक्यात सगळ्या जगाचं तेव्हाच होतं. त्याची फर्स्ट शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा, थर्ड बारा ते सकाळी सात. दर आठवड्याला बदल. शॉपवर फोन चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, माझी शनिवार-रविवारी. आणि गुरुवारी तो गावी जाणार, कारण उसाला पाणी द्यायचं असतं. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीची असली की दारं धरायला रात्रभर वावरात थांबायचं. आमच्याकडच्या उसात बिबटे आहेत, त्यामुळे दोघांनी जायचं, एकानं बॅटरी धरायची. वडिलांना एकटं पाठवत नाहीत म्हणून हा जातो.

एवढं कळल्यावर मी चॅट परत वाचलं. तो अनियमित नव्हता. त्याचा नियम एकवीस दिवसांचा होता आणि मी तो सात-सात दिवसांच्या तुकड्यांत बघत होते. फर्स्टला संध्याकाळी, सेकंडला सकाळी, थर्डला दुपारी तीननंतर. तीन आठवड्यांनी परत तेच. कुणाला बघायचं तर निदान त्याचं एक पूर्ण चक्र बघावं, आणि एका चक्रावरून काही ठरत नाही म्हणून दोन बघावीत. नर्स असेल, ड्रायव्हर असेल, एसआरपीत असेल, परीक्षेची तयारी करणारा असेल, प्रत्येकाचं चक्र वेगळं. ते आधी विचारून घ्यावं. ते माहीत नसताना काढलेला निष्कर्ष त्याच्या नोकरीविषयी असतो, त्याच्याविषयी नसतो.

मग मी एक शीट काढली. यावर लोक हसतात. हसू देत. मी दिवसभर तेच काम करते.

त्यात मेसेज किती आले हे लिहिलं नाही. सर्व्हर चालू आहे की नाही हे कळायला आम्ही एक सिग्नल ठेवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. ठरावीक वेळानं तो 'मी आहे, मी आहे' असं सांगत राहतो. पण अनुभवी माणूस त्यावर विसंबत नाही, कारण हार्टबीट चालू असतो आणि आतलं काम केव्हाच अडकून पडलेलं असतं. रोजचं गुड मॉर्निंग तसं असतं. तो आहे एवढंच कळतं. म्हणून मी फक्त छोटे शब्द लिहिले. शब्द म्हणजे 'शब्द दिला' मधला शब्द. 'उद्या फोन करतो.' 'ते पुस्तक आणतो.' 'तुझ्या भावाच्या अप्रेंटिसशिपचं आमच्या एचआरला विचारतो.' तारीख, काय म्हणाला, कधीपर्यंत, झालं का, आणि शेवटचा रकाना, झालं नाही तर आधी कळवलं का आणि दुसरा दिवस कुणी सुचवला.

मोठी वाक्यं मुद्दाम लिहिली नाहीत. 'तुझ्याशिवाय करमत नाही' हे तपासायचं कसं? पण 'गुरुवारी दहा वाजता' हे तपासता येतं.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा निघाला. एक प्रसंग सांगते. नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी मी सुट्टी टाकली होती, आम्ही शिक्रापूरला भेटणार होतो. सकाळी सहाला त्याचा मेसेज आला. टोळी आली होती. ऊसतोडीची टोळी येणं आपल्या हातात नसतं. कारखान्याची तोड मिळायला आठवडेच्या आठवडे वाट बघतात, आणि आली की घरातला एक माणूस फडात लागतोच. त्यानं लिहिलं, 'आज टोळी आली, सोडता येत नाही. तुझी सुट्टी वाया गेली, चूक माझी. शनिवारी माझी फर्स्ट आहे, साडेतीनला सुटतो, पाचला तू म्हणशील तिथं येतो.' शनिवारी पावणेपाचला तो आला. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते.

बेत मोडतातच. मोडण्याच्या तीन तऱ्हा असतात. एक, वेळ होऊन गेल्यावर कळवणं, किंवा आपण विचारल्यावर. दुसरी, आधी कळवणं पण पुढचं काहीच न बोलणं, म्हणजे परत ठरवायची जबाबदारी आपल्यावर. तिसरी, आधी कळवणं आणि दुसरा दिवस स्वतः सांगणं. टाइमपास करणाऱ्याला तिसरं फार वेळ जमत नाही, कारण त्यात पुढच्या आठवड्याचा विचार करावा लागतो. आणि ज्याच्या पुढच्या आठवड्यात आपण नाही, तो पुढच्या आठवड्याचा विचार आपल्यासाठी कशाला करेल?

सुमारे पाच महिने, म्हणजे सात चक्रं मी नोंदी ठेवल्या. एकतीस शब्द. चोवीस पाळले. सहा मोडले, सहाही आधी कळवून, सहाही वेळा नवा दिवस त्यानंच दिला आणि पाळला. एक उरला. 'एकदा घरी दौंडला घेऊन जातो तुला.' हे तो तिसऱ्याच भेटीत म्हणाला होता. त्यापुढचा रकाना रिकामाच होता. कधी जायचं हे ठरलं नव्हतं, आणि तो विषय परत निघाला नव्हता.

मग मी भेटींच्या जागा बघितल्या. रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली, पुणे. एकदाही दौंड नाही, एकदाही शिरूर नाही. जिथं त्याला कुणी ओळखतं तिथं तो माझ्याबरोबर कधीच दिसला नव्हता. माणूस लपवण्यातही नियमित असू शकतो. सातत्य एवढंच सांगतं की तो जे करतोय ते उद्याही करेल. कशाकडे चाललाय हे सांगत नाही. दर महिन्याला त्याच्या आयुष्यातला आणखी एखादा दरवाजा उघडतोय का, एखादा मित्र, बहीण, गाव, हे वेगळं बघावं लागतं. एकाच खोलीत पाच महिने नेमानं भेटणं हाही एक टाइमपास असू शकतो, फक्त वक्तशीर.

मला वाईट वाटलं आणि जरासं बरंही वाटलं, सापडलं म्हणून. पुढच्या भेटीत रांजणगावच्या गणपतीबाहेर चहा पिताना मी विचारलं, "दौंडला कधी नेणार होतास?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "तुझ्या घरी माहितीये का माझं?"

"अजून नाही."

"मग घरी नेऊन काय सांगू? बहिणीला सांगितलंय मी दिवाळीतच. ती रोज विचारती, त्या मुलीचं काय झालं. मी सांगतो, तिच्या घरी बोलणारे ती. तू चार वेळा म्हणालीस, या रविवारी आईशी बोलते. मी नंतर विचारायचं सोडलं. म्हटलं, हिच्या मनात नसंल."

मी काहीच बोलले नाही. परतीच्या एसटीत फोनवर शीट उघडली. त्यात 'कोण म्हणालं' असा रकानाच नव्हता. सगळे शब्द त्याचेच होते. मी चॅटमध्ये माझे शोधले. 'या रविवारी आईला सांगते', चार वेळा, चारही मोडलेले, एकदाही आधी कळवलं नाही, नवा दिवस सुचवला नाही. शिरूरला भेटायचं त्यानं दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा मी 'तिथं नको, ओळखीचे असतात' म्हटलं होतं. दिवाळीत बहिणीला सांगितल्याचं तो मला बोललाही होता. ती नोंद मी केली नव्हती, कारण तो 'शब्द' नव्हता. खरं तर तो त्या शीटमधला सगळ्यात मोठा मुद्दा होता.

माझ्याच नियमानं बघितलं तर टाइमपास मी करत होते.

आणि त्याला तसं वाटायला कारण होतं. आमच्या भागात शेती असलेल्या, डिप्लोमावाल्या, एमआयडीसीतल्या मुलांची लग्नं जमत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. मुलीकडचे पुण्यातला फ्लॅट विचारतात. माझा पगार त्याच्या दुपटीहून जास्त. जात वेगळी. माझ्यासारखी मुलगी पाच महिने गोड बोलते आणि मग बायोडेटा बघून आयटीतल्या मुलाशी लग्न करते, हे त्यानं त्याच्या दोन मित्रांच्या बाबतीत बघितलं होतं. मी त्याला पारखत होते तेव्हा तोही मला पारखत होता, शीट न काढता. त्याचं दौंडला न नेणं हे त्यानं काढलेलं उत्तर होतं. मी ते त्याचा दोष म्हणून वाचत होते.

त्या रविवारी मी आईला सांगितलं. भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. जात विचारली, शेती विचारली, मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आजारी पडली होतीस ना सप्टेंबरात, तेव्हा त्याला माहीत होतं?"

"हो."

"काय केलं?"

मला डेंग्यू झाला होता. मी पुण्यात खोलीवर होते, त्याची थर्ड शिफ्ट होती. तो सकाळी सातला सुटून, मोटारसायकलवर खराडीला यायचा, पपई आणि नारळपाणी वॉचमनकडे ठेवायचा आणि जाऊन झोपायचा. चार दिवस. वर आला नाही, कारण रूममेटला आवडलं नसतं असं मीच सांगितलं होतं. हेही शीटमध्ये नव्हतं. त्यानं 'येतो' असं म्हटलंच नव्हतं, मग लिहिणार कुठं?

आई म्हणाली, "बरं." आणि मामाला फोन लावला.

मामाची पद्धत जुनी आहे. तो मुलाच्या घरी गेला नाही. दौंडला कामाला म्हणून गेला, तिथून त्यांच्या गावात. दूध डेअरीवर बसला, किराणा दुकानात तंबाखू घेतली, उधारी वेळेवर देतात का विचारलं, भावकीत बांधावरून भांडणं आहेत का विचारलं, मुलगा वडिलांशी चारचौघांत कसा बोलतो ते विचारलं. परत येऊन म्हणाला, "माणसं सरळ आहेत. पोरगं दर गुरुवारी येतं म्हणतात, न चुकता." मला माझी शीट आठवली. मामानं एका दुपारी, ज्यांना खोटं बोलायचं कारण नाही अशा माणसांकडून, पाच वर्षांचा डेटा आणला होता. चौकशी ही गोष्ट मला कायम जाचाची वाटत आली आहे. ती अनेकदा जाचाचीच असते, जात आणि हुंडा शोधायलाच निघालेली. पण तिच्या आतली युक्ती खरी आहे. माणूस आपल्याशी कसा वागतो हे तो ठरवू शकतो. डेअरीवाल्याशी पाच वर्षं कसा वागला हे आता बदलता येत नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि हडपसरहून दौंडची पॅसेंजर पकडली. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस. आदल्या दिवशी मी त्याला लिहिलं होतं, 'उद्या दहाच्या सुमारास दौंडला उतरते. तुझ्या घरी यायचं की नाही ते तू ठरव, पण स्टेशनवर मी सगळ्यांसमोर उतरणार आहे.' तो प्लॅटफॉर्मवर होता. रात्रीची लाईट होती, डोळे लाल होते, पँटच्या कडांना वावरातली माती. शेजारी त्याची बहीण उभी होती. ती पुढं आली आणि म्हणाली, "वहिनी म्हणू का ताई म्हणू?" मी म्हटलं, "सध्या ताईच म्हणा."

अजून ताईच आहे. बाबा या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. त्याच्या आईला मी ऑफिस सोडणार का हे कळत नाहीये, आणि मी सोडणार नाही. यातून काय होईल ते शीट सांगत नाही. माणूस गंभीर आहे एवढं कळल्यानं लग्न जमत नाही, जमलं तर चांगलं निघेल असंही नाही. तो रागीट आहे का, पैशाला चिकट आहे का, बायकोनं जास्त कमावलेलं पाच वर्षांनीही त्याला चालेल का, हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचं चक्र एकवीस दिवसांहून फार मोठं आहे.

शीट मी बंद केली नाही. त्यात एक रकाना वाढवला, 'कोण म्हणालं'. माझी या महिन्यातली पहिली नोंद बाबांबद्दलची आहे. रविवारी बोलणार होते, जमलं नाही, त्यांना पाहुणे आले. शनिवारी रात्रीच त्याला कळवलं. पुढचा दिवस बुधवार दिलाय.

उद्या बुधवार आहे.